पाच लिटरचा हिशोब

"जेवल्यावर लगेच आंघोळ करू नये" हे वाक्य लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस मला अजून भेटायचा आहे. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: रक्त पोटाकडे गेलेलं असतं. मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि रक्ताभिसरणाचा धडा आला की वर्गातलं कुणी ना कुणी हे वाक्य पुढे करतंच. मी ते उडवून लावत नाही, कारण त्यात तथ्य आहे. पण किती आहे आणि कुठे संपतं हे कळायला आधी हिशोब मांडावा लागतो.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेलं असताना हृदय मिनिटाला जवळजवळ तेवढंच पुढे ढकलतं. त्यातलं दीड लिटरच्या आसपास जठर, आतडी, यकृत, प्लीहा या पोटातल्या गोतावळ्याला जातं. मूत्रपिंडांना लिटरभराहून थोडं जास्त, मेंदूला पाऊण लिटर. अंगातल्या सगळ्या स्नायूंना मिळून लिटरभर, आणि त्वचेला अर्ध्या लिटरपेक्षा कमीच. ही झाली बसल्या जागची वाटणी.

आता हेच अवयव पूर्ण भूक लागली तर किती मागतील ते पाहू. 1985 मध्ये अँडरसन आणि सॉल्टिन या दोघांनी माणसांना फक्त एका पायाने, गुडघ्यातून लाथ मारल्यासारखी हालचाल करायला लावली आणि मांडीच्या पुढच्या स्नायूत किती रक्त जातं ते मोजलं. किलोभर स्नायूमागे मिनिटाला सुमारे अडीच लिटर भरलं. एखाद्याच्या अंगात 30 किलो स्नायू आहेत असं धरलं, तर ते सगळे एकाच वेळी असे उघडल्यावर मिनिटाला 75 लिटर लागतील. धडधाकट तरुणाचं हृदय जीव तोडून 20 ते 25 लिटर देतं, जगातले अव्वल धावपटू 35 च्या आसपास जातात. त्वचासुद्धा काही कमी नाही. अंग नीट तापलं की ती एकटी मिनिटाला सात-आठ लिटर ओढू शकते.

थोडक्यात, मागणी नेहमीच पुरवठ्यापेक्षा जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीला जोडलेले सगळे नळ एकदम सोडले तर कुठल्याच नळाला धड धार राहत नाही, तसंच इथे होतं, आणि धार गेली की पहिला फटका सगळ्यात वर बसलेल्या मेंदूला. म्हणून मानेतल्या मोठ्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत दाब जोखणाऱ्या पेशी बसवलेल्या आहेत. त्या दर ठोक्याला मेंदूला दाब कळवतात. दाब घसरला की सिम्पथेटिक मज्जातंतू कुठले ना कुठले नळ आवळायला लागतात. कुठले, आणि ते आवळले जातात का, इथेच त्वचा, स्नायू आणि आतडी यांचे स्वभाव वेगळे पडतात.

त्वचा पूर्णपणे वरच्या हुकमावर चालते. तिला स्वतःसाठी रक्त फारसं लागत नाही. तिच्याकडे रक्त पाठवलं जातं ते उष्णता बाहेर टाकायला, आणि तो निर्णय मेंदूतला हायपोथॅलॅमस घेतो. गंमत अशी की सगळी त्वचा एकसारखी नाही. तळहात, तळपाय, ओठ, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या इथे धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या आडवाटा असतात. त्यांवर आकुंचनाच्या तंतूंचा कायम ताबा असतो. तो ढिला केला की त्या उघडतात. हात, पाय, पाठ, छाती इथल्या त्वचेत मात्र आकुंचनाच्या तंतूंबरोबर रक्तवाहिन्या मुद्दाम उघडणारे वेगळे तंतूही आहेत.

हे कसं कळलं ते मला फार आवडतं. 1938 मध्ये ग्रँट आणि होलिंग यांनी माणसाच्या हाताचे मज्जातंतू औषधाने बधिर करून पाहिले. अंग साध्या तापमानाला असताना पंजाचे तंतू बधिर केले की पंजा लगेच लालबुंद, गरम होतो. ताबा गेला, वाटा उघडल्या. कोपराखालच्या त्वचेचे तंतू बधिर केले तर जेमतेम फरक. पण बाकीचं अंग तापवलं की तीच त्वचा रक्ताने भरून जाते, आणि आधी बधिर करून ठेवली असेल तर भरत नाही. म्हणजे तिथे नुसता ताबा सुटून भागत नाही, वरून 'उघड' असा हुकूम यावा लागतो. उन्हात चालताना त्वचेत जे रक्त वाढतं त्यातला बहुतेक वाटा या दुसऱ्या हुकमाचा असतो. व्यायाम करताना चेहरा लाल होतो तोही उष्णता बाहेर टाकण्याचाच भाग. जिममध्ये आरशात बघून 'स्नायूंना रक्त पोचलं' म्हणणाऱ्यांना ती लाली त्वचेची आहे हे सांगून मी बऱ्याचदा रसभंग केला आहे.

स्नायूचं उलट. तो शांत असतो तेव्हा मज्जातंतूंचं निमूट ऐकतो. उभं राहिल्यावर दाब सांभाळायला स्नायूंच्याच रक्तवाहिन्या बऱ्यापैकी आवळल्या जातात. पण कामाला लागला की तो स्वतःचं पाहतो. आकुंचन पावणाऱ्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं, अॅडिनोसिन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल साचतं, ऑक्सिजन कमी पडतो, रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. यातला एकच कुणी कारण नाही. एकाला औषधाने अडवलं तर बाकीचे काम भागवून नेतात. पहिल्या आकुंचनानंतर सेकंद-दोन सेकंदांतच रक्त वाढायला लागतं. आणि मुख्य म्हणजे काम करणाऱ्या स्नायूत मज्जातंतूंचा 'आवळा' हा हुकूम बोथट होतो. हे 1962 मध्ये रेमेन्सनायडर, मिचेल आणि सार्नॉफ यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. पळताना सिम्पथेटिक तंतू सगळीकडे जोरात ओरडत असतात. आराम करणारा स्नायू आवळला जातो आणि धावणाऱ्या मांडीचा स्नायू बराचसा सुटतो. रक्त योग्य पायात पोचतं ते यामुळे. बोथट होतो म्हणजे नाहीसा होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. मांड्यांबरोबर हातही जोरात कामाला लावले आणि हृदय पुरवू शकेनासं झालं, तर दाब सांभाळण्यासाठी काम करणाऱ्या स्नायूंनाही थोडी कात्री लागते.

आतडी या दोघांच्या मधली. अन्न आलं की ती आपल्यापुरतं बघतात आणि संकट आलं की वरचं ऐकतात. अन्न समोर दिसलं, वास आला एवढ्यावर नाडी थोडी वाढते, पण आतड्याचं रक्त खरं वाढतं ते अन्नाचा लगदा लहान आतड्याच्या अस्तराला लागल्यावर. पचलेली साखर, पित्तात मिसळलेली चरबी यांनी अस्तराला काम लागतं, ऑक्सिजनचा खप वाढतो, काही हार्मोन सुटतात, आणि जिथे लगदा आहे तेवढ्याच तुकड्यात रक्त वाढतं. लगदा पुढे सरकला की वाढही पुढे सरकते. अख्खं आतडं एकदम उघडत नाही. लहान आतड्याला रक्त देणाऱ्या मुख्य धमनीतून उपाशीपोटी मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. भरपेट जेवणानंतर अर्ध्या ते एका तासात ते दुप्पट होतं आणि मग काही तासांत हळूहळू उतरतं.

पण पोटाचं खरं महत्त्व साठ्यात आहे. तिथल्या शिरा सैल, लवचीक असतात आणि अंगातल्या एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त तिथे पडून असतो. शिवाय आतडं त्याला मिळणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन फार थोडा वापरतं. म्हणून गरज पडली की शरीर पहिला हात इथेच घालतं. रक्त कमी मिळालं तर आतडं प्रत्येक थेंबातून जास्त ऑक्सिजन काढून वेळ मारून नेतं.

व्यायामात हे सगळं एकत्र दिसतं. समजा एक सुदृढ तरुण बऱ्यापैकी जोरात धावतोय आणि त्याचं हृदय मिनिटाला 20 लिटर देतंय. यकृत उचलून घेतं असं हिरवं रंगद्रव्य शिरेतून देऊन पोटातला प्रवाह मोजता येतो. त्या पद्धतीने अमेरिकेत लॉरिंग रोवेल यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की व्यायाम जसजसा जोरात, तसतसा पोटाकडचा प्रवाह खाली येतो. दीड लिटरवरून अगदी साडेतीनशे मिलिलिटरपर्यंत. मूत्रपिंडांकडूनही अर्धा-पाऊण लिटर निघतं. दोन्ही मिळून दोन लिटरच्या आत. स्नायूंना मात्र 16-17 लिटर जातंय. म्हणजे 'व्यायामात रक्त पोटातून स्नायूंकडे वळतं' हे खरं असलं तरी हिशोबात तो लहान भाग आहे. मोठी भर हृदयाने चौपट काम करून घातलेली असते.

मग पोटाला एवढं आवळायचं कशाला? पहिलं कारण दाब. मांड्यांचे नळ सताड उघडले असताना दुसरीकडे काही तरी बंद असायलाच हवं. दुसरं कारण साठा. आत जाणारं रक्त घटलं की पोटातल्या सैल शिरा आपोआप आकसतात आणि त्यांतलं रक्त हृदयाकडे परत येतं. हृदयाला 20 लिटर द्यायचे तर तेवढं त्याच्याकडे परत यायला हवं ना!

यात ऊन घाला की भांडण सुरू होतं. स्नायूंना रक्त हवंय, त्वचेलाही हवंय, आणि त्वचेतल्या शिरा फुगून तिथेच रक्त साठायला लागतं. घामाने पाणी आधीच गेलेलं. हृदयात परत येणारं रक्त कमी पडतं, प्रत्येक ठोका लहान होतो आणि वेग तोच ठेवला तरी नाडी चढत जाते. अंगाचं आतलं तापमान 38 अंशांच्या आसपास गेलं की व्यायाम करणाऱ्याच्या त्वचेतलं रक्त पुढे फारसं वाढत नाही, अंग तापत राहिलं तरीही. दाब की थंडावा यात शरीर दाब निवडतं. उष्माघात होतो तो याच बोळात.

मुंबईत जानेवारीतल्या मॅरेथॉनला शेवटची रेषा ओलांडून काही जण उभ्या उभ्या कोसळतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हृदय नसतं. धावताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला शिरा पिळून रक्त वर पाठवतात. अचानक थांबलं की ही पिळणी थांबते, पण मांड्यांच्या आणि त्वचेच्या रक्तवाहिन्या अजून उघड्याच असतात. रक्त पायात साठतं. अशा माणसाला आडवं करून पाय वर केले की बहुधा मिनिटा-दोन मिनिटांत तो बोलायला लागतो. धावतानाच पडला असेल, शुद्ध परत येत नसेल किंवा अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर मात्र ही साधी गोष्ट नाही, डॉक्टर लगेच हवा.

आणि एक, लांब धावणाऱ्यांच्या आतड्याबद्दल. तासभर जोरात सायकल चालवल्यावरही आतड्याच्या अस्तराला ऑक्सिजन कमी पडून पेशींना इजा झाल्याच्या खुणा रक्तात सापडतात. बहुतेकांत ती थोड्या वेळात भरून येते. पण पाय दुखू नयेत म्हणून धावण्याआधी आयब्युप्रोफेन घ्यायची जी पद्धत पडली आहे, ती या इजेत भर घालते. मला विचाराल तर ती सरळ सोडावी.

आता जेवण. भरपेट जेवणाने आतड्याला मिनिटाला अर्धा-पाऊण लिटर जास्तीचं रक्त लागतं. व्यायामाच्या मानाने हे किरकोळ आहे. हृदय थोडं जास्त काम करून ते सहज पुरवतं, आणि सोबत हातापायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या किंचित आवळल्या जातात. मेंदूचं कुणी काढून घेत नाही. दाब नेहमीच्या पट्ट्यात असेपर्यंत मेंदू आपला प्रवाह स्वतः राखतो. त्यामुळे दुपारी जेवून येणाऱ्या झोपेचं खापर 'मेंदूचं रक्त पोटात गेलं' यावर फोडण्यात अर्थ नाही. जेवणानंतरचे हार्मोन आणि दुपारच्या वेळी तसाही येणारा मंदपणा जास्त जबाबदार आहेत.

आंघोळीचंही याच हिशोबात बसतं. कोमट पाण्याने चार तांबे घेतल्याने तरुण माणसाचं पचन बिघडत नाही. कढत पाण्याने, भरपेट जेवून, वयस्कर माणसाने अंघोळ केली तर मात्र पोट आणि त्वचा दोन्ही एकदम उघडतात, आणि न्हाणीघरात चक्कर येऊन पडण्याची जागा तयार होते. शतपावली याच्या बरोब्बर उलट. रमतगमत चालण्यात स्नायूंची रक्ताची मागणी थोडी आणि पोटऱ्यांची पिळणी भरपूर. जेवून पळायला गेलात तर मात्र आतडं हरतं आणि पोट दुखून सांगतं.

हे सगळं सांभाळणारे मज्जातंतूच जुने झाले की काय होतं, ते मी जवळून पाहिलं ते आमच्या अकोल्याच्या एका नातेवाइकांमध्ये. आम्ही त्यांना काका म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह वीसेक वर्षांचा, पायांना मुंग्या, बीपीची गोळी चालू. मे महिन्यात दुपारी जेवून ते कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यावर जात आणि तिथे उभं राहिल्यावर त्यांना अंधारी येई. चालताना कधी नाही, थांबल्यावरच. घरच्यांनी साखर उतरली असेल म्हणून खिशात गोळ्या-चॉकलेटं दिली. साखर मोजली तर भरपूर. मग पित्त ठरलं. सकाळी दवाखान्यात बीपी व्यवस्थित यायचं, त्यामुळे तिथेही काही हाती लागेना.

मी सुट्टीत तिथे होते. जेवणाआधी त्यांना दहा मिनिटं बसवलं आणि बीपी घेतलं: 142 आणि 80, नाडी 74. जेवणात आमरस, पोळ्या, वर भात. बीपीची गोळी नेहमीप्रमाणे जेवायला बसताना. मग दर पंधरा मिनिटांनी, बसलेलेच. अर्ध्या तासाने 124, पाऊण तासाने 106, आणि नाडी 76. उभं केलं तर 88, आणि त्यांनी लगेच खुर्चीची पाठ धरली. दोन तासांनी बसून परत 130 च्या वर.

वरचा आकडा जेवणानंतर दोन तासांत 20 किंवा जास्त घसरला तर त्याला जेवणोत्तर रक्तदाब-घट म्हणतात. वयस्कर माणसांत ती किती सहज होते याकडे 1983 मध्ये लिप्सिट्झ आणि सहकाऱ्यांनी लक्ष वेधलं. मधुमेहात आणि पार्किन्सनमध्ये ती विशेष दिसते. पण माझं लक्ष होतं नाडीवर. दाब 36 ने पडला आणि नाडी दोनने वाढली. तंतू शाबूत असते तर हृदय धावून आलं असतं. इथे संदेश पोचतच नव्हता. पोटाचा नळ आमरसाने उघडलेला, त्वचेचा अकोल्याच्या उन्हाने, गोळीने उरलेले आणखी ढिले केलेले, आणि बंद करायला कुणीच नाही. ठेल्यापर्यंत जाताना पोटऱ्या रक्त वर ढकलत होत्या. ठेल्यावर थांबले की तेही संपलं.

आमरस हा त्यात खरा गुन्हेगार. दाब किती पडतो हे साखर लहान आतड्यात किती वेगाने पोचते यावर बरंच अवलंबून असतं. संशोधकांनी नळीने ग्लुकोज थेट आतड्यात सोडून हे पाहिलं आहे: थेंब थेंब सोडलं तर दाब फारसा हलत नाही, भराभर सोडलं तर पडतो. जठर भरल्याने, ताणल्याने मात्र दाब थोडा वर जातो. म्हणून जेवणाआधी दोन पेले पाणी पिणं हा स्वस्तातला इलाज आहे. फक्त हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी तो परस्पर करू नये.

काकांच्या डॉक्टरांना आकड्यांचा कागद दाखवला. त्यांनी गोळी जेवणापासून लांब, रात्रीवर नेली. जेवणाआधी पाणी, दुपारचं जेवण दोन हप्त्यांत, आमरस वाटीभर आणि तोही शेवटी. पुढच्या आठवड्यात पाऊण तासाचा आकडा 122 आला. पानाचा ठेला त्यांनी सोडला नाही. फक्त ऊन उतरल्यावर जातात आणि ठेलेवाल्याकडून स्टूल मागून घेतात.

घरी हे तपासायचं असेल तर यंत्र साधंच चालतं, वेळ मात्र पाळावी लागते. जेवणाआधी एकदा, मग अर्ध्या तासाने, एक तासाने, दीड तासाने, दोन तासांनी, आणि सगळ्यात कमी आकड्याच्या वेळी एकदा उभं राहून, सोबत कुणीतरी धरायला. नाडीही लिहायची. आणि जेवण त्या दिवशी नेहमीचंच करायचं. डॉक्टरांकडे जायचं म्हणून लोक त्या दिवशी मुगाची खिचडी खातात आणि मग कागदावर काहीच सापडत नाही.